नवसाक्षरांसाठी लिहिलेले पत्रक

उतारवयात अक्षरओळख झालेला शेतकरी अक्षरास अक्षर लावून वाचतो. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ मनात टिकवून धरणे, हे त्याचे खरे कष्ट असतात. पत्रक लिहिणारास या कष्टांची जाणीव नसेल, तर उत्तम माहितीही वाया जाते, आणि प्रसंगी अपायही होतो.

बाजरीवरील अरगट रोगाचे उदाहरण घेऊ. या रोगात कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो व पुढे दाण्यांच्या जागी काळसर गाठी धरतात. त्या विषारी असतात. धान्यातून पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व गुंगी येते. बियाण्यातील गाठी पेरणीपूर्वी मिठाच्या पाण्याने वेगळ्या करता येतात. हा उपाय पत्रकातून बहुधा असा सांगितला जातो :

"पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या द्रावणात बुडवून, तरंगणाऱ्या बुरशीपेशी पृथक् करून नष्ट करण्यात याव्यात व तदनंतर उर्वरित बियाणे स्वच्छ जलाने प्रक्षालित करून छायेत शुष्क करण्यात यावे."

यात शास्त्रीय चूक एकही नाही. परंतु नवसाक्षर वाचक पहिल्यांदा 'टक्के' या शब्दापाशीच थांबतो. किती पाण्यात किती मीठ, हे त्यास उमगत नाही. तो भाजीत टाकावे तसे मूठभर मीठ टाकील, तर पाणी पुरेसे जड होणार नाही आणि गाठी चांगल्या बियांबरोबर तळाशी बसतील. 'प्रक्षालित' हा शब्द त्याने ओलांडला, तर बी धुतले जाणार नाही व अंगावर राहिलेल्या मिठाने उगवण कमी होईल. 'करण्यात याव्यात' यावरून ते कोणी करावयाचे, हेही कळत नाही.

तोच मजकूर असा लिहिता येतो :

"बादलीत १० लिटर पाणी घ्या.
लिटरच्या बाटलीने दहा वेळा मोजा.
त्यात २ किलो मीठ टाका.
सारे मीठ विरेपर्यंत ढवळा.
मग बाजरीचे बी टाका. पुन्हा ढवळा.
हलके बी व काळ्या गाठी वर येतील.
त्या काढून जाळा. गुरांना, कोंबड्यांना घालू नका.
तळाचे बी साध्या पाण्याने तीन वेळा धुवा.
सावलीत वाळवा. मग पेरा."

येथे एका वाक्यात एकच काम आहे आणि हाताने ज्या क्रमाने करावयाचे, त्याच क्रमाने ते सांगितले आहे. जोडाक्षरे पूर्णपणे टळलेली नाहीत. परंतु 'पाण्याने' हा शब्द तोंडात बसलेला असल्याने वाचक तो अर्थावरून ओळखतो. शब्द केवळ आखूड असून भागत नाही. 'क्षार' आखूड आहे, परंतु घरात शब्द चालतो तो 'मीठ'. ओळखीच्या मापासही मर्यादा आहे. बादल्या लहानमोठ्या असतात, म्हणून 'एक बादली पाणी' असे लिहिणे घातक ठरेल. बाटलीचे माप घरोघरी सारखे असते.

सोपे लिहिल्याने मजकुराची प्रतिष्ठा कमी होते, असा आक्षेप काही जाणकार घेतात. वरील दोन उतारे शेजारी ठेवले असता दुसराच अधिक नेमका आहे, हे दिसेल. धुवावे किती वेळा, वेगळ्या केलेल्या गाठी कोणास घालू नयेत, हे पहिल्यात नव्हतेच. मात्र सोपे लिहिणे म्हणजे बाळबोलीत लिहिणे नव्हे. वाचक अक्षरांत नवा असला, तरी शेतीत जुना आहे. बी कसे वाळवावे, हे त्यास शिकवावयाचे नसते. सावलीत वाळवावे, एवढेच सांगावयाचे असते.

पत्रक छापण्यापूर्वी कार्यकर्त्याने ते गावातील दोन-तीन नवसाक्षरांकडून मोठ्याने वाचून घ्यावे व वाचणारा जेथे अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. "समजले का?" असे मात्र विचारू नये, पाहुण्याचे मन राखण्यासाठी मनुष्य 'हो' म्हणतो. कागद बाजूस ठेवून "आता आधी काय कराल? मग काय कराल?" असे विचारावे. मीठ विरण्याआधीच बी टाकू, असे उत्तर आले तर ती ओळ पुन्हा लिहावी. गाठींचे काय कराल, या प्रश्नास "कोंबड्यांपुढे टाकू" असे उत्तर आले, तर तो इशारा वेगळ्या ओळीत, ठळक ठशात द्यावा. साराच ठसा मोठा असावा व ओळीच्या शेवटी शब्द तोडू नये. चाळिशी लावूनही ज्यांस बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठीच हे पत्रक आहे.

वाचणाराने कागद बाजूस ठेवून सर्व कृती क्रमाने सांगितली, म्हणजे पत्रक पुरे झाले असे समजावे. तोवर ते छापखान्यात जाऊ नये.