समन्स घरात आलं होतं, तर "मिळालंच नाही" म्हणू नका



गेल्या हंगामात आपल्यातल्याच एका बोटमालकावर एकतर्फी हुकूमनामा झाला. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीने हकीकत सांगतो. ती ऐकून आमचं एक मत पक्कं झालंय, तेही शेवटी मांडतो.

इंजिनाच्या बाकीपोटी 2 लाख 35 हजारांचा दावा दुकानदाराने कोर्टात घातला. बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा मालक दर्यावर. वहिनींनी सही करून कागद घेतला आणि नवरा आल्यावर त्याच्या हातात दिला. तारीख होती 12 नोव्हेंबर. 9 तारखेला बोट निघाली, 11 ला परत यायचं ठरलेलं. 10 च्या रात्री गिअरबॉक्स गेला. दुसऱ्या बोटीने ओढून वेंगुर्ल्याला नेलं, काम करून घरी यायला 14 उजाडली. इकडे 12 ला कोर्टात पुकारा झाला, कोणी उभं राहिलं नाही, आणि दावा एकतर्फी चालवायचा आदेश झाला.

इथे पहिली चूक झाली. मालकांना वाटलं, "तारीख चुकली तर दुसरी नोटीस येईलच." मंडळी, अशी नोटीस येत नाही. दावा अजून चालू असतो तोवर पुढच्या तारखेला जाऊन, आधी का आलो नाही याचं योग्य कारण दिलं, तर कोर्ट एकतर्फीचा आदेश मागे घेऊन तुम्हाला ऐकू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 मधला नियम 7 त्यासाठीच आहे. 14 ला परत आल्यावर त्याच आठवड्यात वकील दिला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

20 जानेवारीला हुकूमनामा झाला. मालकांना कळलं ते 2 मार्चला, बेलिफ बोटीच्या जप्तीसाठी जेटीवर उभा राहिला तेव्हा. सगळ्यात वाईट म्हणजे दुकानदाराला रोख दिलेल्या 1 लाख 10 हजारांच्या चिठ्ठ्या घरातल्या डब्यात होत्या. कोर्टाने त्या पाहिल्याच नव्हत्या.

आता हुकूमनामा रद्द कसा करायचा? ऑर्डर 9 नियम 13 मध्ये दोनच कारणं आहेत. एक, समन्स कायद्याप्रमाणे बजावलंच गेलं नाही. दोन, समन्स मिळालं, पण त्या तारखेला हजर राहायला पुरेशा कारणामुळे जमलं नाही. यातलं एकही कोर्टाला पटलं तर पुरे. पण ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि गडबड नेमकी इथेच होते.

मालकांच्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "समन्स मिळालेच नाही." जेटीवर दहा जणांनी तोच सल्ला दिलेला. आम्ही सोसायटीत बसून तो वाचत होतो, वहिनीही होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण सही माझी आहे ना त्यावर!" सगळे गप्प झाले.

बघा, मालक घरी नसतील आणि बऱ्यापैकी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर घरात राहणाऱ्या कोणत्याही सज्ञान कुटुंबीयाला समन्स देता येतं, मग तो पुरुष असो वा बाई. नोकर मात्र कुटुंबात धरत नाहीत, म्हणून खलाशाच्या हातात समन्स देऊन भागत नाही. आता कोणी म्हणेल, मालक दोन दिवसांत येणार होते, बेलिफाने परत यायला हवं होतं. असा मुद्दा काढता येतो. पण नियम 13 मध्येच पुढे म्हटलंय की बजावणीत नुसती त्रुटी राहिली असेल, आणि प्रतिवादीला तारीख माहीत होती व हजर व्हायला पुरेसा वेळ होता, तर तेवढ्यावरून हुकूमनामा रद्द होत नाही. इथे तारीख माहीत होतीच. म्हणजे हे कारण टिकणारं नव्हतं. उलट वहिनींची सही समोर आली असती की गिअरबॉक्सची खरी गोष्टसुद्धा खोटी वाटली असती.

अर्ज बदलला आणि दुसऱ्या कारणावर उभा केला. सर्वोच्च न्यायालयाने जी. पी. श्रीवास्तव विरुद्ध आर. के. रायजादा या 2000 सालच्या निकालात सांगितलंय की पुरेसं कारण पाहायचं ते ज्या दिवशीच्या गैरहजेरीमुळे एकतर्फी आदेश झाला त्या दिवसाचं. आधीच्या तारखांचा निष्काळजीपणा त्यात ओढायचा नाही. म्हणून प्रश्न एवढाच होता, 12 नोव्हेंबरला मालक कुठे होते? "दर्यावर होतो" एवढं बोलून चालत नाही. 9 तारखेची सोसायटीची डिझेलची पावती, ओढून नेणाऱ्या बोटीच्या टांडेलाचं प्रतिज्ञापत्र आणि वेंगुर्ल्याच्या मेकॅनिकचं 13 तारखेचं बिल, हे तिन्ही जोडले.

राहिला मुदतीचा प्रश्न. अर्जाला 30 दिवस असतात. समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून, आणि बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. आपल्या मालकांची मुदत 19 फेब्रुवारीलाच संपलेली, अर्ज पडला 12 मार्चला. म्हणजे 21 दिवसांचा उशीर. त्यासाठी उशीर माफ करायचा वेगळा अर्ज दिला आणि "दुसरी नोटीस येईल असं वाटलं, जप्ती आली तेव्हा कळलं" हे जसंच्या तसं लिहिलं. सोबत जप्ती थांबवायचा अर्जही लागला, कारण नुसता रद्दचा अर्ज दिला म्हणून दरखास्त थांबत नाही.

कोर्टाने दुकानदाराचं ऐकून घेतलं आणि 75 हजार कोर्टात भरायच्या अटीवर व खर्च देऊन हुकूमनामा रद्द केला. अशी अट घालायचा कोर्टाला अधिकार आहे. अर्ज फेटाळला असता तर त्यावर अपील करता आलं असतं. आणि हे लक्षात घ्या, मालक दावा जिंकलेले नाहीत. दावा पुन्हा सुरू झालाय, चिठ्ठ्या आता कुठे कोर्टापुढे जातायत.

आमचं मत म्हणाल तर हे: "समन्स मिळालंच नाही" हा जेटीवरचा ठरलेला सल्ला आपल्या लोकांचं नुकसान करतोय. ज्याच्या घरी खरंच समन्स आलं नाही त्याने ते जरूर म्हणावं, त्याची बाजू भक्कम आहे. पण ज्याच्या घरी आलं त्याने खरं कारण धरावं. दर्यावर जाणाऱ्या माणसाकडे खरं कारण बऱ्याचदा असतं, कागद नसतो. तेव्हा प्रत्येक ट्रिपची डिझेल पावती आणि दुरुस्तीचं बिल फेकू नका. समन्स आलं तर बोट सोडण्याआधी वकीलपत्रावर सही करून जा, म्हणजे पुकारा होईल तेव्हा तुमच्या वतीने कोणीतरी उभं असेल.

एक सावधगिरी. समन्सवर ऑर्डर 37 लिहिलेलं असेल तर तो संक्षिप्त दावा असतो. त्यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, आणि त्यातला हुकूमनामा रद्द करायचा नियमही वेगळा व कडक आहे. असा कागद आला तर त्याच दिवशी वकिलाकडे न्या.

कोणाच्या घरी समन्स येऊन पडलं असेल तर सोसायटीत घेऊन या, मिळून वाचूया. आणि घरच्या बायकांनाही हे वाचून दाखवा, कारण सही त्यांचीच घेतली जाते.