आवाज पूर्ण, तरी फोन मुका

फोनचा आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवलेला आहे, कोणी फोन केला तर घंटी खणखणीत वाजते, पण एखाद्या ॲपवर निरोप आला की तोच फोन मौनव्रत धरून बसतो, अशी तक्रार अलीकडे आमच्या कानी वरचेवर येते. दुसरी तक्रार हिच्या अगदी उलट आहे. फोन दिवसभर ‘टिंग टिंग’ करीत असतो, परंतु वाजले ते बँकेचे, पुण्याला असलेल्या मुलाचे की कुठल्याशा दुकानाच्या सवलतीचे, हे उघडून पाहिल्यावाचून कळत नाही. आणि शेवटी माणूस पाहणेच सोडून देतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. म्हणून या खेपेस आम्ही दोहोंचा विचार एकत्रच करीत आहोत.

शाळेत टोल एकच असतो. परंतु प्रार्थनेचा टोल वेगळा, तास संपल्याचा वेगळा आणि शाळा सुटल्याचा तर पहिलीतले पोरही झोपेत ओळखते. शिपायाने प्रत्येक वेळी एकच ठोका द्यायचे ठरवले, तर शाळा चालणार नाही. नवा विकत घेतलेला फोन असा एकाच ठोक्याच्या शिपायासारखा असतो. त्याला निरनिराळे टोल शिकवावे लागतात आणि ते शिकवण्याची सोय त्याच्यात असते.

ही सोय अँड्रॉइड जातीच्या फोनांत 2017 साली, आठव्या आवृत्तीपासून, आजच्या रूपात आली. तिचे मर्म असे की, ॲपला सरसकट एक आवाज न देता प्रत्येक ॲपच्या सूचनांचे वर्ग पाडले जातात. व्हॉट्सॲपचे उदाहरण घेऊ. त्यात व्यक्तीकडून आलेल्या निरोपांचा एक वर्ग, समूहातील निरोपांचा दुसरा, येणाऱ्या फोनांचा तिसरा. बँकेच्या ॲपमध्येही बहुधा व्यवहाराचा वर्ग निराळा आणि जाहिरातीचा निराळा असतो. प्रत्येक वर्गाला स्वतःचा आवाज आणि स्वतःची पायरी असते, म्हणजे तो वाजेल की गुपचूप येईल हे तेथे ठरते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, वर्ग एकदा तयार झाला म्हणजे त्याचा आवाज वा त्याचे मौन यांत पुढे ॲपला हस्तक्षेप करता येत नाही. तो अधिकार फोनच्या मालकाचा. नियम चांगला आहे, नाहीतर प्रत्येक दुकानदाराने आपला भोंगा आपणच मोठा करून घेतला असता. पण त्याची दुसरी बाजू अशी की, मालकाकडून नकळत एक वर्ग मुका झाला, तर ॲप बिचारे काहीच करू शकत नाही. आवाजाची पट्टी कितीही चढवा, मुक्या वर्गाला तिचा उपयोग नाही.

आता आवाज देण्याची रीत सांगतो. फोनवरील नावे कंपनीगणिक थोडी बदलतात. आमच्या संकेश्वरात तर एकाच घरात एक फोन इंग्रजीत, एक कन्नडात आणि एक मराठीत चालतो. आम्ही इंग्रजी नावे देत आहोत. इतर भाषांतही क्रम साधारण हाच. Settings उघडावे, Notifications मध्ये जावे, तेथे App notifications मध्ये हवे ते ॲप निवडावे. त्याच्या पानावर वर्गांची यादी दिसते. वर्गाच्या नावावर बोट ठेवले (शेजारच्या खटक्यावर नव्हे, तो वर्गच बंद करतो) म्हणजे आतले पान उघडते आणि तेथे Sound असते. त्यातून आवाज निवडावा. झाले.

सॅमसंगच्या फोनांवर मात्र येथे एक अडथळा आहे. 2024 साली आलेल्या त्यांच्या One UI 6.1 या आवृत्तीपासून ही वर्गांची यादी मुळात झाकून ठेवलेली असते. ॲपच्या पानावर वर्ग दिसत नाहीत, आणि आपला फोन हलक्या प्रतीचा निघाला असे वाटून लोक नाद सोडतात. Notifications मध्येच Advanced settings आहे. त्यात Manage notification categories for each app हा खटका चालू करावा, मग Notification categories ही ओळ प्रत्येक ॲपच्या पानावर दिसू लागते.

आवाज कोणाकोणाला द्यावेत? आमचे मत असे की, तीन किंवा चारच. दहा निरनिराळे आवाज लक्षात ठेवणे हा नवा अभ्यासक्रम होईल. घरच्या माणसांच्या निरोपाला एक, बँकेच्या व्यवहाराला दुसरा आणि नोकरीच्या वा शाळेच्या समूहाला तिसरा एवढे पुष्कळ झाले; बाकीच्यांना Silent करावे, म्हणजे ते येतील पण बोलणार नाहीत. आवाज एकमेकांपासून अगदी भिन्न असावेत. दोन घंट्यांत फरक करणे बाजाराच्या गलबल्यात वा हमरस्त्यावरच्या मालमोटारींच्या आवाजात जमत नाही. एक घंटा, एक पाखराची शीळ, एक ढोलकीची थाप, असा भेद लागलीच कळतो. स्वतःजवळचा आवाज हवा असेल तर त्याची दोन-तीन सेकंदांची फाइल फोनच्या अंतर्गत साठ्यात Notifications नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती यादीत येते. आख्खे गाणे ठेवू नये. आणि ज्या आवाजाची सुरुवात हळुवार आहे तोही टाळावा, कारण त्यातले ऐकू येण्याजोगे येईपर्यंत तो संपलेला असतो.

आता मुक्या ॲपकडे वळू. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींची हकीकत येथे उपयोगी पडेल. त्यांच्या लेकीला कोल्हापुरात प्रसूतीसाठी रुग्णालयात नेले. जावयांनी रात्री साडेनऊला घरच्या समूहावर निरोप टाकला. गुरुजींनी तो पहाटे पाचला, दूध तापवताना सहज फोन उघडला तेव्हा वाचला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण गुरुजी आजही त्या रात्रीचा विषय काढतात. फोन उशाशी होता, आवाज पूर्ण होता.

त्यांच्या फोनची तपासणी आम्ही दुसऱ्या फोनने केली, आणि सर्वांनी तशीच करावी. गुरुजींचा फोन कुलूप लावून मेजावर ठेवला. दुसऱ्या फोनवरून प्रथम व्यक्तिगत निरोप पाठवला; तो वाजला. मग त्याच समूहावर निरोप पाठवला, आणि घड्याळ पाहिले. त्याच मिनिटाला सूचना पडद्यावर आली, पण आवाज नाही. वरचा पडदा खाली ओढला तर ती सूचना तळाशी, Silent या शीर्षकाखाली पडलेली. हीच खूण. याचा अर्थ निरोप वेळेवर पोहोचतो आहे, फक्त त्याचा वर्ग मुका केलेला आहे. त्या सूचनेवर बोट दाबून धरले, तेव्हा Default आणि Silent असे दोन पर्याय निघाले, आणि Silent निवडलेले होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा भडिमार चालू असताना नातवाने ‘आजोबा, बंद करून देतो’ म्हणून हेच दाबले होते. गुरुजींच्या फोनवर तो हुकूम समूहांच्या सबंध वर्गाला लागू झाला होता, म्हणून शुभेच्छांच्या समूहाबरोबर घरचा समूहही गप्प झाला. Default निवडले, Sound मध्ये वेगळा आवाज दिला आणि पुन्हा कुलूप लावून निरोप पाठवला. वाजला. शुभेच्छांचा समूह मग त्याच्या स्वतःच्या पानावरून Mute केला, हा त्याचा खरा उपाय.

तपासणीत याहून वेगळे दिसले तर कारणही वेगळे. सूचना मुळीच येत नाही आणि ॲप उघडल्यावरही तिचा मागमूस नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा परवानगी नाही. 2022 सालच्या तेराव्या आवृत्तीपासून नवे ॲप सूचनांसाठी आधी विचारते, आणि घाईत ‘नको’ म्हटलेले असते. ॲपच्या पानावरील अगदी वरचा खटका पाहावा.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. निरोप नऊला पाठवला, पण सूचना आली साडेदहाला, फोन हाती घेऊन उघडला तेव्हा. येथे आवाजाचा काही दोष नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने त्या ॲपला झोपवले आहे. Settings मध्ये Apps, तेथे ते ॲप, मग Battery, आणि तेथे Restricted असेल तर बदलावे. Optimized ने भागले नाही तर Unrestricted करावे. शाओमी व आणखी काही कंपन्यांच्या फोनांत Autostart नावाचा निराळा खटका असतो, तोही चालू लागतो. हा उपचार दोन-चार ॲपांपुरताच करावा, कारण सगळ्यांना मोकळे सोडले तर बॅटरी संध्याकाळ पाहत नाही.

सगळीच ॲपे रात्री गप्प आणि सकाळी बोलकी, असे असेल तर Do Not Disturb चे वेळापत्रक तपासावे. रात्रीही हव्या असलेल्या एखाद्या वर्गाला बऱ्याच फोनांत Override Do Not Disturb ही सूट देता येते. शिवाय स्वतःचा आवाज लावलेला असताना फोनची साफसफाई करताना ती फाइल पुसली गेली, तर आवाज कधी मूळचा होतो तर कधी पार जातो, पुन्हा निवडावा. आणि ॲप नव्या आवृत्तीवर गेल्यावर दिलेला आवाज नाहीसा झाला, तर बनवणाऱ्यांनी जुना वर्ग मोडून नवा काढला, असे समजावे. ॲपच्या पानाच्या तळाशी कधी काढून टाकलेल्या वर्गांची संख्या दिसते, ती याचीच साक्ष.

आयफोन वापरणाऱ्यांना यातले बरेचसे लागू नाही. तेथे बाहेरच्या ॲपचा आवाज Settings मधून फक्त चालू वा बंद करता येतो. निराळा आवाज देण्याची सोय त्या ॲपने स्वतःच्या आत ठेवली असेल तरच मिळते. व्हॉट्सॲपमध्ये ती आहे.

राहता राहिला आपत्तीचा इशारा. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर पाहिलेल्या आमच्या भागात हा प्रश्न हमखास येतो, की ॲपे मुकी केली तर हाही मुका होईल काय. सरकारने 2023 साली देशभर चाचणी घेतलेला जो मोठ्या भोंग्याचा इशारा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल, तो कोणत्याही ॲपचा नव्हे. तो मोबाइलच्या मनोऱ्याकडून थेट येतो आणि त्याचे खटके Settings मध्ये Wireless emergency alerts या नावाखाली वेगळे असतात. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ मात्र साधे ॲपच आहे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेले. त्याला वर सांगितलेले सगळे नियम लागू, आणि आपण कोठे आहोत हे पाहण्याची परवानगीही लागते. वळवाच्या आधी त्याची परवानगी, त्याचे वर्ग आणि त्याची बॅटरी एकदा तपासून ठेवावी. शेतात जाणाऱ्याच्या फोनवर तर आधी.