उसाचे बिल वर्षभर थकले, तर लाखाचे किती उरतात?

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याला उसाचे १ लाख रुपये आज मिळाले आणि त्याने ते ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले, तर वर्षाने १ लाख ७ हजार होतात. मग वर्षाने मिळणाऱ्या १ लाखाची आजची किंमत किती? लाखाला १.०७ ने भागा : सुमारे ९३ हजार ४५८ रुपये. बाजारात भाव अजिबात वाढले नाहीत, तरी हा फरक राहतोच. डोक्यावर १२ टक्क्यांचे कर्ज असेल, तर हाच आकडा ८९ हजारांच्या आसपास येतो.

त्यामुळे वर्षाने नुसते मुद्दल देऊन ‘बिल चुकते केले’ म्हणणे चुकीचेच. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ हेच सांगतो : एफआरपी १४ दिवसांत द्यायची, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजासह.