पोरं निकम्मी नाहीत, यादी खोटी आहे

गेल्या वर्षी शब-ए-बारातच्या आधीच्या रविवारी आम्ही गावच्या कब्रस्तानाची सफाई ठेवली. व्हॉट्सॲप ग्रुपवर 84 जणांनी 'इन्शाअल्लाह' लिहिलं. सकाळी सात वाजता फाटकाशी 27 जण उभे होते. आठच्या सुमारास ग्रुपवर एका बुजुर्गांचा मेसेज पडला: "नाम लिखाने को सौ, काम को पाँच. अपने लड़के निकम्मे हैं." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातले निम्मे अंगठे न आलेल्यांचेच होते.

हे वाक्य तुम्हीही तुमच्या मोहल्ल्यात ऐकलं असेल. मला त्याच्याशी भांडायचं आहे, कारण त्या दिवशी चूक पोरांची नव्हती, माझी होती. 84 'इन्शाअल्लाह' म्हणजे 84 माणसं असं धरून सामान आणि नाश्ता मीच आणला होता.

नंतर मी न आलेल्यांपैकी तीस जणांना फोन केले. रागावायला नाही, विचारायला. अकरा जण कामावर होते. रविवारी सकाळी मटण-चिकनच्या दुकानात आणि बेकरीत किती गर्दी असते हे आपल्याला कोणी सांगायला हवं का? आठ जण म्हणाले, एवढे लोक येणारच आहेत, माझ्या एकट्याने काय अडणार. सहा जण झोपले होते. आणि पाच जण चक्क आले होते! साडेनऊला आले, हातात द्यायला विळा नव्हता, काय करायचं ते कोणी सांगेना, म्हणून दहा मिनिटं थांबून परत गेले. ह्यांना निकम्मे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून यंदा सुरुवात नावांपासून केली नाही, जमिनीपासून केली. महिनाभर आधी मी आणि माझा चुलतभाऊ कब्रस्तानात गेलो, दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद असा एक तुकडा निवडला आणि घड्याळ लावून साफ केला. वाळलेलं गवत, गाजर गवत, थोडी घाणेरी, फुलांच्या चादरींची प्लास्टिकं, अगरबत्तीची पाकिटं. दोघांना एक तास लागला आणि तीन गोण्या भरल्या. मग सगळी जागा पावलांनी मोजली. असे चाळीस तुकडे निघाले, म्हणजे साधारण अर्धा एकर. सात ते दहा ह्या वेळेत वाटप आणि पाणी-चहा वजा जाता खरं काम अडीच तास होतं. चाळीस तुकड्यांना दोघा-दोघांच्या सोळा जोड्या पुरतात. म्हणजे 32 माणसं. आमच्या कब्रस्तानाला 84 जण कधी लागतच नव्हते.

आता हे 32 आणायचे कसे? गेल्या वर्षीचा अनुभव सांगत होता की ग्रुपवर हो म्हणणाऱ्या तिघांतला एक येतो. पण ज्यांना मी नाव घेऊन, काम सांगून फोन केला होता, त्या चौघांतले तिघे आले होते. यंदा 24 जणांना एकेकट्याने फोन केले आणि ग्रुपवर 42 नावं घेऊन यादी बंद केली. हिशेबाने अठरा आणि चौदा, बत्तीस. फोनवर "आओ, सवाब का काम है" एवढंच सांगितलं नाही. "तू आणि तुझा क्रिकेटवाला दोस्त, विहिरीकडचा तुकडा, दहाला मोकळे" असं सांगितलं. सोबत दोस्त असला की माणूस उठतो, आणि सुटायची वेळ माहीत असली की घरून निघतो.

हे सगळे फोन कॉलेजला जाणाऱ्या दोन मुलींनी सांभाळले. आदल्या रात्री पुन्हा एकदा विचारून त्यांनी गळालेली नावं बदलली. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून नंतरच्या फोटोत त्या नाहीत. ज्यांना पोरं निकम्मी वाटतात ते मात्र फोटोत पुढे आहेत.

दुकानात काम करणाऱ्यांसाठी वेगळा दिवस धरला, शुक्रवार सकाळ. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, तिथे तर मुख्य दिवसच तो असायला हवा. रविवार हा सरकारी सुट्टीचा दिवस आहे, आपल्या सगळ्यांच्या सुट्टीचा नाही.

सामान जोडीच्या हिशेबाने घेतलं. प्रत्येक जोडीला एक विळा आणि एक दाताळं, दोन जोड्यांत एक घमेलं. काटेरी झुडपांसाठी फक्त चार कोयते, तेही ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडेच, आणि त्यांना चामड्याचे हातमोजे. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल. ते उपटावं लागतं, कापलं तर पुन्हा फुटतं. दगडांच्या ढिगात आधी काठी मारायची, मग हात घालायचा, कारण खाली साप किंवा विंचू असू शकतो. जेसीबी आणू म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हटलं. कच्च्या कबरी त्याखाली सपाट होतात. मोठी झाडंही तोडली नाहीत, त्याला नगरपरिषदेची परवानगी लागते.

चार कामं अशी असतात की तिथला माणूस आला नाही तर सगळेच बसून राहतात: फाटकाची चावी, अवजारं, पाणी आणि ट्रॅक्टर. ह्या चारही ठिकाणी दोन-दोन नावं ठेवली. बाकीच्यांच्या गैरहजेरीसाठी तुकड्यांना क्रम लावला. आधी फाटकापासून जनाज्याच्या जागेपर्यंतची वाट, मग अलीकडच्या कबरी, शेवटी मागच्या भिंतीची बाजू. साडेसातला डोकी मोजायची आणि तेव्हाच ठरवायचं की आज कुठवर जायचं. सोळाच आले तर वीस तुकडे, आणि तेवढे पूर्ण. उशिरा येणाऱ्याला परत पाठवायचं नाही, त्याने गोण्यांची तोंडं बांधून फाटकापाशी न्यायच्या.

गेल्या वर्षीची खरी फजिती ह्या गोण्यांनीच केली होती. सत्तरएक गोण्या आम्ही फाटकाबाहेर रचल्या आणि घरी गेलो. उचलायला कोणी आलं नाही, कारण आम्ही कोणाला लेखी सांगितलंच नव्हतं. कुत्र्यांनी त्या फाडल्या. शब-ए-बारातच्या रात्री लोक फुलं घेऊन आले ते त्याच कचऱ्यावरून पाय टाकत. काहींनी तर जाळून टाका म्हटलं. उघड्यावर कचरा जाळणं नियमात बसत नाही, आणि वाळल्या गवताची आग कबरींपर्यंत जायला वेळ लागत नाही.

यंदा तारीख पंधरा दिवस अलीकडे घेतली. मुतवल्लींची संमती लेखी घेतली. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्जात 'अंदाजे 120 गोण्या, हिरवा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, सोमवारी सकाळी गाडी हवी' असं लिहिलं आणि पोचेवर आवक क्रमांक घेतला. गाडी दुपारी आली. दोन फेऱ्या झाल्या.

रविवारी 29 जण आले. एक पाण्यावर, बाकीच्या चौदा जोड्या. 35 तुकडे झाले. बुजुर्गांचा मेसेज ह्याही वेळी आला, "66 में से 29?" मी त्यांना चाळीस तुकड्यांचा कागद पाठवला. भिंतीकडचे पाच राहिले होते. त्यातले तीन शुक्रवारी बेकरीवाल्या पोरांनी काढले. दोन बाकी आहेत, त्यांत घाणेरीची जुनी खोडं आहेत आणि त्यांना कुदळ लागेल.