सातूचा सोमवार

आषाढी अमावास्या जवळ आली की वाणसामानाच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “यंदा सोमवार चार की पाच?” विचारणाऱ्या बहुधा एखाद्या काकू असतात. घरात नवी सून आलेली असते आणि तिच्या शिवामुठीची तयारी करायची असते. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव. इथपर्यंत दरवर्षी सारखंच. श्रावणात पाचवा सोमवार आला तर मात्र सातू लागतो. तांदूळ-मूग घरात असतातच, पण सातू ऐनवेळी कुठून आणायचा? त्यामुळे हिशेब आधीच लागतो.

काकू तो कॅलेंडरवर बोट ठेवून करतात. महिन्याभरासाठी तेवढं पुरतं. पण पान उलटताना महिना बदलतो आणि बोट घसरतं. शिवाय बोटाने उत्तर मिळालं तरी एखाद्या वर्षी चार आणि एखाद्या वर्षी पाच का, हे कळत नाही. मला त्या ‘का’मध्ये जास्त रस आहे.

२०२५चा श्रावण घ्या. आपल्याकडे तो शुक्रवारी २५ जुलैला लागला आणि शनिवारी २३ ऑगस्टला संपला. जुलैचे २५ ते ३१ असे सात दिवस आणि ऑगस्टचे तेवीस, एकूण तीस. तिसाला सातने भागलं की भागाकार चार, बाकी दोन. चार पूर्ण आठवडे म्हणजे प्रत्येक वार चारदा आलाच, मग सुरुवात कुठल्याही वारी होवो. वाद उरतो तो फक्त बाकीच्या दोन दिवसांचा. हे दोन दिवस महिना ज्या वारी सुरू झाला त्या वारापासून मोजायचे: शुक्रवार आणि शनिवार. त्यांत सोमवार नाही, म्हणून सोमवार चार. २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. सातूची गरज पडली नाही.

त्याआधीच्या वर्षी, २०२४ला, श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि ३ सप्टेंबरला संपला. दिवस पुन्हा तीस, बाकी पुन्हा दोन. पण सुरुवातच सोमवारची, त्यामुळे बाकीचे दोन दिवस सोमवार आणि मंगळवार निघाले. पाचवा सोमवार २ सप्टेंबरला आला आणि सातू घरोघरी शोधला गेला. शिवाय मंगळवारही पाच झाले.

चांद्रमास एकोणतीस किंवा तीस दिवसांचा असतो, म्हणजे बाकी एक किंवा दोनच. त्यामुळे पाच सोमवार हवे असतील तर एकोणतीस दिवसांचा श्रावण सोमवारीच सुरू व्हायला हवा. तीस दिवसांचा असेल तर रविवारी किंवा सोमवारी. बाकी कुठल्याही वारी श्रावण लागला की चारच. एवढं लक्षात ठेवलं तर काकूंना पूर्ण पान बघायचीही गरज नाही, श्रावण शुद्ध प्रतिपदेचा वार आणि महिन्याचे दिवस पाहिले की झालं. (इंग्रजी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असला की बाकीच उरत नाही, सगळे वार चार-चार. त्या महिन्याइतका समतावादी महिना दुसरा नाही.)

चूक होते ती भागाकारात नाही, त्याच्या आधी. ३ सप्टेंबरमधून ५ ऑगस्ट वजा केला तर एकोणतीस येतात, तीस नाही. वजाबाकी दोन तारखांमधलं अंतर सांगते, आपल्याला हवे असतात पहिला दिवस धरून सगळे दिवस, म्हणून एक मिळवावा लागतो. गंमत अशी की ही चूक लगेच पकडली जात नाही. एकोणतीस धरले तर बाकी एक, आणि तो एक दिवस सोमवार. सोमवार पाच हे उत्तर बरोबरच येतं! फसतो तो मंगळवार. पाचाऐवजी चार मोजला जातो आणि शेवटच्या मंगळागौरीची फुलं सांगायची राहून जातात. म्हणून मोजणी तपासायची तर सगळ्या वारांची करावी. सातही वारांची बेरीज एकूण दिवसांइतकी आली पाहिजे. २०२४मध्ये सोमवार-मंगळवार पाच-पाच आणि उरलेले पाच वार चार-चार, म्हणजे दहा आणि वीस, तीस. जुळलं.

अंतर लांबलं की दुसरी वाट सोपी पडते. पहिला सोमवार कुठला, शेवटचा कुठला हे आधी ठरवायचं, दोघांमधलं अंतर सातने भागायचं आणि एक मिळवायचा. सोळा सोमवारांच्या व्रतात हेच उलट्या बाजूने लागतं. पहिला सोमवार २८ जुलै २०२५ धरला तर सोळावा त्यानंतर सोळा आठवड्यांनी नव्हे, पंधरा आठवड्यांनी येतो, म्हणजे १०५ दिवसांनी, १० नोव्हेंबरला. सोळा आठवडे मोजले तर आपण १७ नोव्हेंबरला, सतराव्या सोमवारी पोचतो. तो उद्यापनाचा.

सोमवारी अर्धी सुट्टी देणाऱ्या शाळेचं वेळापत्रक करणाऱ्यांनी बोटं झिजवण्याचं कारण नाही. एक्सेलमध्ये पहिली तारीख A1मध्ये, शेवटची B1मध्ये घालावी आणि लिहावं:

```
=NETWORKDAYS.INTL(A1,B1,"0111111")
```

अवतरणातले सात आकडे सोमवारपासून रविवारपर्यंतचे. इथे 1 म्हणजे तो वार सोडायचा आणि 0 म्हणजे मोजायचा, नेमकं आपल्या मनातल्याच्या उलट. मंगळवार हवा असेल तर शून्य दुसऱ्या जागी सरकवावं. हे सूत्र दोन्ही टोकांचे दिवस धरतं, त्यामुळे एक मिळवायचं काम उरत नाही. मिळवलात तर मात्र सातू उगीच आणावा लागेल.

एक गोष्ट कुठलंही सूत्र सांगणार नाही: श्रावण कधीपासून कधीपर्यंत. २०२३ला अधिक श्रावण आला. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक, १७ ऑगस्टपासून १५ सप्टेंबरपर्यंत निज. दोन्ही मिळून मोजलं तर सोमवार आठ होतात, पण शिवामूठ निज श्रावणातच वाहायची, म्हणून चारच.

उत्तरेत तर महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. २०२५मध्ये तो ११ जुलै ते ९ ऑगस्ट होता. सोमवार चार, आपलेही चार. वरवर पाहता हिशेब जुळला. पण त्यांचे १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. दोघांना समाईक सोमवार दोनच. उज्जैनला महाकालाची सवारी मात्र श्रावणातल्या आणि त्यांच्या भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातल्याही सोमवारी निघते. हा कृष्ण पक्ष म्हणजे आपल्या श्रावणाचा उत्तरार्ध. दोन्ही पंचांगांचे सोमवार असे एका रस्त्यावर येतात. ११ जुलै ते २३ ऑगस्ट चव्वेचाळीस दिवस, सातने भागून सहा, बाकी दोन, शुक्रवार-शनिवार. सवाऱ्या सहा. त्याआधीच्या वर्षी सुरुवात सोमवारी २२ जुलैला झाली होती. दिवस तेवढेच, चव्वेचाळीस, पण सवाऱ्या सात. इंदूरच्या मराठी घरात “यंदा सोमवार किती?” असं कुणी विचारलं, तर आधी “कुणाचे?” असं विचारून घ्यावं लागतं.