रमजान, रमदान आणि काजीसाहेब

गेल्या काही वर्षांपासून आपल्यात एक दुरुस्ती ऐकू येते: ‘रमजान’ चूक, ‘रमदान’ म्हणा. मला ही दुरुस्ती पटत नाही.

अरबीत या शब्दात ‘दाद’ हे अक्षर आहे. फारसी बोलणाऱ्यांकडे तो ध्वनी नव्हता. त्यांच्या तोंडी अरबीची चार वेगळी अक्षरे, आपण मदरशात झाल, झे, झ्वाद, झोय म्हणून शिकतो ती, एकाच ‘झ’मध्ये मिसळली. आपल्याकडे हे शब्द फारसीमार्गे आले. म्हणून जरा, जोर, जामीन, जुलूम यांचा आज एकच ‘ज’ आहे, मूळ अक्षरे मात्र चार. अरबीकडून मराठीकडे येताना काय होईल ते सांगता येते. नुसत्या मराठी ‘ज’वरून मागे जाता येत नाही. ध्वनी एकत्र झाले, याची हीच खूण.

‘दाद’चे शब्द ओळीने पाहा: काजी, हजर, अर्ज, फर्ज, रजा, जिल्हा. सगळीकडे ‘ज’. रमजान याच रांगेतला. तो चूक असेल तर काजीला ‘कादी’ आणि अर्जाला ‘अर्द’ म्हणावे लागेल. (‘हौद’ तेवढा रांग मोडतो, म्हणूनच तो लगेच डोळ्यांत भरतो.)

स्पेनमध्ये हाच काजी थेट अरबांच्या तोंडून गेला आणि तिथे नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात. ‘अल-कादी’मध्ये नसलेला दुसरा ‘ल’ कुठून आला? आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह लिहितो की ‘दाद’ जिभेच्या कडेने उच्चारतात, म्हणजे ‘ल’च्या जवळ. आज बहुतेक अरब तसा उच्चार करत नाहीत. मग ‘रमदान’मधला आपला साधा ‘द’ कुठला मूळ ठरला?

मराठीत आल्यावर तर त्या एका ‘झ’चेही दोन झाले. ‘रजा’ आणि ‘राजी’ एकाच अरबी धातूचे. पण ‘रजा’तला ज ‘जावई’सारखा, ‘राजी’तला ‘जीव’सारखा, कारण पुढे ‘ई’ आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघा, तोच फरक. म्हणजे परक्या शब्दालाही आपल्या भाषेने आपलाच नियम लावला. पुढे संस्कृतातून ‘जरा’ (म्हातारपण) तालव्य ‘ज’ घेऊन आला आणि ‘जरा थांब’मधल्या जरापासून केवळ उच्चाराने वेगळा राहिला. तेव्हा हे दोन ‘ज’ खरोखर स्वतंत्र झाले. लिपीने मात्र त्यांना एकच अक्षर दिले आहे.

नमाजमध्ये सूरह फातिहा पढताना शेवटच्या शब्दातला ‘दाद’ तजवीदप्रमाणेच काढावा, तिथे अरबी बोलतो आहोत. पण ‘रमजान मुबारक’ म्हणताना आपण मराठी बोलतो आहोत.