रेषा कुठे सरकली, ते सांगा

विश्व प्रसरण पावते आहे, हे 'आमच्या ग्रंथात आधीच होते' असा संदेश मला गेल्या आठवड्यात दोनदा आला. एकात सूरह ज़ारियातची ४७ वी आयत होती, दुसऱ्यात वेद. दोन्हीत मोजमाप मात्र एकही नव्हते. ईमान ही वेगळी गोष्ट आहे. पण वर्गात मुलाने 'कशावरून?' असे विचारले, तर आयत वाचून दाखवणे हे विज्ञानाचे उत्तर होत नाही.

शिक्षकांच्या खोलीत याच्या उलट टोक ऐकले. "दूरच्या दीर्घिका लाल दिसतात, एवढेच ना? धुरळ्यात सूर्यही लालच दिसतो. माणच्या माणसाला हे सांगायचं?"

आक्षेप चांगला आहे, पण त्याला उत्तर आहे. पुरावा लाल रंग हा नाही. दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटात पसरला की त्यात काळ्या रेषा दिसतात. कॅल्शियमची एक रेषा प्रयोगशाळेत ३९३ नॅनोमीटरवर, जांभळ्या भागात येते. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील संशोधकांनी २०१७ साली 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिथल्या दीर्घिकांत हीच रेषा साधारण ५०३ वर, म्हणजे हिरव्या भागात जाते. हायड्रोजनची ४८६ ची रेषा ६२२ वर जाते. भागाकार करून पाहा, दोन्हीकडे १.२८ च येतो. धूळ निळा प्रकाश अडवते, पण रेषा जागची हलवू शकत नाही.

मग कोणी म्हणेल, लांबच्या प्रवासात प्रकाश थकत असेल. तसे असते तर फक्त लहरी लांबल्या असत्या, घटनांचा वेग बदलला नसता. पण एका ठरावीक प्रकारचे स्फोट पावणारे तारे इतक्या अंतरावर मंदावायलाही त्याच पटीने जास्त वेळ घेतात. जवळ जे २० दिवसांत घडते, त्याला तिथे साडेपंचवीस दिवस लागताना दिसतात. लहरींबरोबर काळही ताणलेला दिसतो, आणि अंतर वाढेल तसा ताणही वाढतो. या सगळ्याचा सरळ अर्थ असा, की प्रकाश वाटेत असताना अवकाशच ताणले गेले.

आता घाई करणाऱ्या माझ्याच भावांना एक गोष्ट. प्रसरण सिद्ध झाले म्हणजे आरंभ सिद्ध झाला, असे नाही. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आरंभच नसलेल्या विश्वाचा सिद्धांत मांडला, आणि त्या विश्वातही प्रसरण होते. महास्फोटाच्या बाजूचे पुरावे वेगळे आहेत, ते वेगळे तपासावे लागतात.

म्हणून पुढचा संदेश आला, की पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारा: कोणती रेषा, कुठून कुठे सरकली?